थांब्यावरचे जॅकेट

बर्फाच्या भिंतीवर दोराची एक पूर्ण लांबी चढून आलेली ही गिर्यारोहक आता थांबली आहे. तापमान उणे 10 अंश असले, तरी तिच्या अंगावरचा सर्वांत आतला थर घामाने पाठीला चिकटला आहे. खालचा जोडीदार वर येईपर्यंत तिला इथे, जवळजवळ न हलता, अर्धा-पाऊण तास उभे राहायचे आहे.

स्वतःला अँकरमध्ये अडकवून घेतल्याबरोबर ती सॅकच्या अगदी वरच्या बाजूला ठेवलेले जाड जॅकेट बाहेर काढते. अंग अजून गरम असल्याने या क्षणी तिला त्याची गरज वाटत नाही. पण हुडहुडी भरेपर्यंत वाट पाहिली, तर जॅकेटच्या आत कोंडून ठेवायला ऊबच उरलेली नसते. वाऱ्याने ते उडून जाऊ नये म्हणून त्याची कडी तिने आधीच कॅराबिनरमध्ये अडकवली आहे.

ओले कपडे ती बदलत नाही. हार्नेस आणि हेल्मेट अंगावर असताना वाऱ्यात कपडे उतरवणे म्हणजे साठलेली ऊब उधळून टाकणेच होय. त्याऐवजी ती वारारोधक थरासकट सगळ्यावरून हे जॅकेट चढवते, आणि ते नेहमीपेक्षा मोठ्या मापाचे का हवे, ते इथेच दिसते. घट्ट जॅकेट आतल्या थरांना दाबते. दबलेल्या थरांतली हवा निघून जाते, आणि ऊब तर त्या हवेनेच टिकलेली असते. जॅकेटची टोपी हेल्मेटवरून यावी लागते. दुहेरी झिप खालून उघडली की दोर हाताळण्यासाठी हार्नेसचा पुढचा भाग मोकळा राहतो.

कपड्यांत मुरलेला 100 ग्रॅम घाम वाळवायला सुमारे 58 किलोकॅलरी उष्णता लागते. स्वस्थ उभ्या माणसाच्या शरीरात तेवढी उष्णता तयार व्हायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ जातो. जॅकेट नसेल तर वारा ही उष्णता पळवतो आणि कपडे मात्र ओलेच राहतात. जॅकेट असेल तर आतले थर उबदार राहतात आणि त्यांतली वाफ हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकते. ती वाफ शेवटी जॅकेटच्या भरणातच शिरते, म्हणून या कामासाठी मला पिसांपेक्षा सिंथेटिक भरण अधिक भरवशाचे वाटते. ओली झालेली पिसे गोळा होऊन बसतात.

याला मर्यादाही आहे. कडाक्याच्या थंडीत वाफ जॅकेटच्या बाहेरच्या पदरापाशी गोठते, आणि अनेक दिवसांच्या मोहिमेत ते वाळवण्याची संधी मिळाली नाही, तर रोज थोडे थोडे जड होत जाणारे जॅकेट ऊबही कमी देऊ लागते.

जोडीदार वर पोहोचला आहे. ती जॅकेट काढून सॅकमध्ये वरच कोंबते. तिला किंचित थंडी वाजत आहे, आणि चढाई सुरू करताना एवढी थंडी वाजायलाच हवी. ते अंगावर ठेवून ती निघाली असती, तर पुढच्या थांब्यापर्यंत पुन्हा घामाने भिजली असती.