गुडघा आडवा फिरतोय? पोल सरकवू नका!

नमस्कार मंडळी. नागपुरात ऊन इतकं तापलंय की जीव कासावीस, तरी कूलर बंद ठेवलाय. मागच्या व्हिडिओत त्याच्या घरघरीवरून तुम्ही मला चांगलंच ऐकवलं होतं नं!

असो. सगळ्यांचा एकच प्रश्न: "दादा, पोल लावला तरी गुडघा बाजूला पळतो." ब्लेंडरमध्ये नडगीच्या बोनला आयके, टार्गेटला पायाचा कंट्रोल, Chain Length 2. हे तुम्हाला येतं, पुढं चला.

बादलीची कडी बघा. दोन्ही टोकं पक्की, पण कडी पुढंही पडते, मागंही. खुबा आणि घोटा ठरला तरी गुडघ्याचं तसंच होतं. मांडी 45, नडगी 45, खुबा ते घोटा 72 सेंटिमीटर धरा. गुडघा त्या रेषेपासून 27 सेंटिमीटरवर, गोल वर्तुळात कुठंही बसू शकतो, आणि सगळी उत्तरं बरोबर! त्यातलं कोणतं घ्यायचं, ते पोल सांगतो. म्हणून एडिट मोडमध्ये गुडघा आधी थोडा पुढं वाकवून ठेवा. पाय एकदम सरळ असला की वर्तुळच उरत नाही, मग सॉल्व्हरनं दिशा ओळखायची कशी?

आता माझी चीड. पोल लावला की पाय 90 अंशांत गर्रकन फिरतो आणि मंडळी पोल ओढत बसतात, गुडघा "बरा दिसेपर्यंत". काहून बापा? पोल चुकलेला नाही, Pole Angle चुकलाय. तो मांडीच्या बोनच्या रोलवर ठरतो. 90, -90, 0, 180 टाकून बघा, यातला एक बसतो. -83 वर बसत असेल, तर रोल तिरपा आहे किंवा पोल पायाच्या वाकण्याच्या पातळीत नाही. एडिट मोडमध्ये रोल Shift+N नं नीट करा. पोलचा बोन गुडघ्यातूनच Y वर सरळ पुढं काढा Alt+P नं पॅरेंट तोडा आणि तो अख्खा बोन Y वरच गुडघ्यापासून लांब न्या. कोपराला हाच बोन मागं काढायचा.

बरोबर झालं की नाही, डोळ्यानं ठरवू नका. रेस्ट पोझमध्ये Influence 0 करा, मग 1. पाय जरा जरी हलला, तर अँगल चुकीचा. हे न करता मला स्क्रीनशॉट पाठवू नका.

एकानं कबड्डीपटूची फाईल पाठवली. अँगल अचूक, तरी समोर लाथ मारताना गुडघा उलटायचा. का? पाय उचलताना खुबा-घोटा रेष थेट पोलमधून जात होती. त्या क्षणी पोल ना वर ना खाली, दिशा सांगणार कशी? पोल आणखी लांब नेऊन हे सुटत नाही, पाय आडवा झाला की रेष पुन्हा तिथंच येते. लाथ सुरू व्हायच्या आधी पोलला कीफ्रेम देऊन तो वर न्या, पाय खाली आला की परत समोर आणा.