लॉगचं बिल नेमकं कुठे फुगतं?

लॉगचं बिल वाढलं की पहिला हात जातो रिटेन्शनवर. ‘९० दिवस कशाला, ३० करून टाका.’ मीही हेच केलं होतं. पुढच्या महिन्याचं बिल उघडलं तर फरक जेमतेम!

गुगल क्लाउड लॉगिंगचंच उदाहरण घेऊ. तिथे लॉग आत घ्यायला जीबीमागे अर्धा डॉलर पडतो आणि त्यातच ३० दिवसांची साठवण येते. पुढे ठेवायचं तर जीबीला महिन्याला एक सेंट. समजा, रोज ४० जीबी लॉग येतात, म्हणजे महिन्याला १२०० जीबी. पहिले ५० जीबी फुकट, बाकीच्याचे ५७५ डॉलर. आणि ९० दिवस ठेवले तर? जास्तीचे ६० दिवस, २४०० जीबी, २४ डॉलर. मी जीव तोडून वाचवले ते हे २४!

तेव्हा गाळायचं ते दारातच. आमच्या ४० जीबीतले ३० जीबी INFO पातळीचे होते: विनंती आली, २०० गेलं, झालं. आलेले लॉग कुठे जायचे ते ठरवणाऱ्या `_Default` सिंकवर हा एक्सक्लूजन फिल्टर लावला:

```
severity<WARNING AND sample(insertId, 0.9)
```

म्हणजे WARNING च्या खालच्या दहांपैकी नऊ ओळी टाकून द्या. रोजचे २७ जीबी गेले, महिन्याला साधारण ४०० डॉलर सुटले. आठवडाभर सगळे खूश होते. मग एक पेमेंट अडकलं. एररची ओळ होती, पण तिच्या आधीच्या सात ओळींपैकी एकच शिल्लक. `insertId` प्रत्येक ओळीला वेगळा असतो, त्यामुळे एकाच विनंतीच्या ओळींची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते.

उपाय एका शब्दाचा होता, `insertId` च्या जागी `trace`. आता निवड trace च्या मूल्यावरून होते, ते एका विनंतीच्या सगळ्या ओळींत एकच असतं, म्हणून विनंतीच्या सगळ्या ओळी राहतात तरी किंवा जातात तरी. अर्थात ॲप्लिकेशन ते फील्ड भरत असेल तरच. आणि दहातल्या नऊ एररच्या मागची हकीकत तरीही मिळत नाही. म्हणून पेमेंटची सेवा आम्ही या फिल्टरमधून वगळली. तिचे लॉग थोडेच असतात, सगळे ठेवले.

एक भीती मात्र फोल ठरली. लॉगवरून मोजणारे आमचे आलेख कोसळतील असं वाटलं होतं. पण आपण स्वतः बनवलेली लॉग-आधारित मेट्रिक गाळलेल्या ओळीही मोजते. दहाने गुणायची गरज नाही. मी गुणलं होतं, ते वेगळं.

राहिला कायदा. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था असलेल्या सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवावे लागतात. एका सिंकचं एक्सक्लूजन दुसऱ्या सिंकला लागू होत नाही, म्हणून एक वेगळा सिंक सगळं न गाळता मुंबईच्या `asia-south1` मधल्या क्लाउड स्टोरेजमध्ये टाकतो. तिथे तो अर्धा डॉलर लागत नाही, फक्त साठवणीचे पैसे पडतात. तिथे चटकन शोधता येत नाही. फायली उतरवून `grep` मारावं लागतं. वर्षभरात तशी वेळ दोनदा आली.