ड्रमला क्लिप लावली, पण नोझलचं काय?

(एमआयडीसीतल्या पेंट आणि शाई कारखान्यांच्या सुपरवायझर मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं नीटनेटकं करून.)

बसा, बसा. आज मी फक्त एकाच गोष्टीवर बोलणार आहे, दोनशे लिटरच्या ड्रममधून टोल्युइन छोट्या डब्यात काढताना ठिणगी नेमकी कुठे पडते. कारण बहुतेकांना वाटतं ड्रमला अर्थिंगची वायर लावली की काम झालं, आणि तिथेच गडबड आहे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेस मॉइन्सला २००७ च्या ऑक्टोबरमध्ये बार्टन सॉल्व्हंट्समध्ये आग लागली, तिचा तपास तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने केला होता. ऑपरेटर एका स्टीलच्या टाकीत इथाइल ॲसिटेट भरत होता, वरच्या तोंडात नोझल ठेवलं, ते हलू नये म्हणून त्याला लोखंडी वजन अडकवलं, व्हॉल्व्ह उघडला आणि दुसरीकडे गेला. थोड्या वेळात फट्ट असा आवाज, मागे बघतो तर टाकीला आग. आता गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की टाकी, वजनकाटा, पंप या सगळ्यांना अर्थिंग होतं. नव्हतं ते फक्त नोझल आणि होजच्या धातूच्या भागांना. नोझल म्हणजे हातात मावेल एवढा लोखंडाचा तुकडा, पण तो रबराच्या होजवर एकटा पडलेला, त्यात साठलेला चार्ज जायला वाट नाही, मग तो जवळच्या अर्थ झालेल्या टाकीवर उडी मारतो. म्हणजे टाकीला अर्थिंग आहे आणि नोझलला नाही, तर तुम्ही ठिणगीला उतरायला जागा करून दिलीत.

हा चार्ज येतो कुठून? पाइपमधून, फिल्टरमधून सॉल्व्हंट घासत जातं, तिथे. टोल्युइन वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही, त्यामुळे त्यात आलेला चार्ज लगेच जिरत नाही, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून भरून झाल्या झाल्या डिपरॉड किंवा सॅम्पलची बाटली आत घालायची नाही, निदान अर्धा मिनिट थांबा. आणि ठिणगी किती लहान पुरते बघा. टोल्युइनच्या वाफेला ०.२४ मिलिज्यूल पुरते. अर्थिंग नसलेली छोटी धातूची बादली दहा हजार व्होल्टला चढली तर तिच्यात साधारण एक मिलिज्यूल असतं, म्हणजे चौपट. दहा हजार ऐकून दचकू नका, स्टॅटिकमध्ये एवढं सहज होतं.

अजून एक, टोल्युइन पेट्रोलपेक्षा का डेंजर ते. बंद टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट होते की सहसा ती आतल्या आत पेटतच नाही. टोल्युइनचं तसं नाही, वीस-तीस डिग्रीला ड्रममधल्या हवेत त्याची वाफ तीन ते पाच टक्के असते, आणि पेटायला लागते साधारण एक ते सात टक्के. म्हणजे आपल्या रोजच्या हवामानात ड्रमच्या आतली रिकामी जागा बरोबर मधोमध, पेटायला तयार.

आता करायचं काय. बूच उघडायच्या आधी क्लॅम्प लावायचा, आणि बूच बंद झाल्यावरच काढायचा. ड्रम अर्थला, मग ड्रमपासून डब्याला बाँडिंग, म्हणजे दोघांना जोडणारी वायर, आणि नोझल, फनेल, हातपंप, जे जे धातूचं आहे ते सगळं त्याच साखळीत. क्लॅम्प टोकदार दातांचा हवा. एका ठिकाणी मी बघितलं, क्लिप छान लावलेली, पण ड्रमच्या जाड रंगावर. मीटर लावला तर काहीच दाखवेना. रंग खरवडून लावली तर दोन ओहम. नियम दहा ओहमच्या आत ठेवायचा. खरं तर स्टॅटिक घालवायला दहा लाख ओहमसुद्धा चालतात, कारण हा करंट फार तर मायक्रोअँपियरचा, पण धातूला धातू नीट चिकटलाय का हे दहा ओहमच सांगतात. हे माप बूच उघडायच्या आधी, वाफ नसताना घ्या, नाहीतर स्फोटाचा धोका असलेल्या झोनला चालणारा मीटर वापरा.

भरताना वरून धार सोडायची नाही. डिप पाइप तळाजवळ न्या, आणि तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटर. एक इंची पाइपला हे मिनिटाला तीस लिटरच्या आतबाहेर पडतं, म्हणजे दोनशे लिटरला सात मिनिटं जरी याच वेगाने गेलं तरी हरकत नाही, तेवढा वेळ प्रॉडक्शनवाल्यांनी द्यायचा.

मागून कुणीतरी विचारताय, “साहेब, प्लास्टिकच्या बादलीला क्लिप कुठे लावायची?” कुठेच नाही. प्लास्टिकला अर्थिंग होतच नाही, आणि त्या बादलीची लोखंडी तारेची कडी म्हणजे पुन्हा तेच, एकटा पडलेला धातू. टोल्युइन धातूच्या डब्यातच घ्या.