‘मेसेज मिळाला’ म्हणजे ‘ऑर्डर घेतली’ नव्हे

नमस्कार मंडळी, आणि खास करून त्या मैत्रिणींना नमस्कार ज्या आत्ता एका हाताने बॅटर फेटतायत आणि दुसऱ्या हाताच्या कोपराने फोन ढकलतायत, कारण मी पण त्यातलीच. घरातून केक करते, ऑर्डर सगळ्या व्हॉट्सअॅप बिझनेसवर येतात, आणि आज त्यातल्या तीनच गोष्टींबद्दल बोलणार आहे: ग्रीटिंग मेसेज, अवे मेसेज आणि क्विक रिप्लाय. अॅप फुकट आहे, या तिन्ही गोष्टी त्याच्या सेटिंगमध्ये Business tools नावाखाली सापडतात, काही फोनमध्ये नुसतं Tools असं दिसतं. चालू करायला दहा मिनिटं पुरतात. पण त्यात लिहायचं काय, इथे मी चांगलीच आपटले, आधी तेच सांगते.

झालं असं की अवे मेसेज, म्हणजे आपण जागेवर नसताना फोन आपोआप पाठवतो ते उत्तर, सुरुवातीला मी लिहिलं ते असं, ‘धन्यवाद! तुमचा मेसेज मिळाला. लवकरच संपर्क करू.’ छान वाटतो ना? सगळेच असं लिहितात. एका शनिवारी रात्री साडेअकराला एका ताईंचा मेसेज आला, उद्या संध्याकाळी 5 ला 1 किलो चॉकलेट एगलेस, मुलाचा वाढदिवस आहे. मी झोपलेली, माझ्या फोनने आपलं काम केलं, धन्यवाद, मेसेज मिळाला. सकाळी उठले तर रविवारचे चार केक होते आणि वर इतके मेसेज येऊन पडलेले की ताईंचा मेसेज खाली गेला तो गेलाच. संध्याकाळी पाच वाजता ताई दारात, बरोबर नवे कपडे घातलेला मुलगा, आणि मी त्यांच्याकडे बघतेय. त्यांनी फोन काढून दाखवला, अहो तुम्हीच म्हणालात ना मिळाला म्हणून. आता काय बोलणार, चूक माझीच की. घरात चहासोबतचा साधा केक होता तो दिला, पैसे घेतले नाहीत, पण त्या पोराचा चेहरा अजून आठवतो.

तेव्हा लक्षात आलं की आपल्याला वाटतं हे फोनचं आपोआप उत्तर आहे, समोरच्याला वाटतं ताईंनी होकार दिला. मेसेज माझ्याच नावाने, माझ्याच चॅटमध्ये जातो ना, तो फोनने पाठवला की मी, हे त्यांनी कशावरून ओळखायचं. म्हणून आता माझा अवे मेसेज असा आहे, वाचून दाखवते:

‘नमस्कार, आत्ता किचन बंद आहे. सकाळी 10 नंतर उत्तर देते. हा आपोआप गेलेला मेसेज आहे, यामुळे ऑर्डर घेतली असं होत नाही. माझ्याकडून “ऑर्डर पक्की” असा मेसेज आला की मगच नक्की समजा. केक 2 दिवस आधी सांगावा लागतो, उद्यासाठी हवा असेल तर कृपया दुसरीकडेही विचारून ठेवा.’

शेवटचं वाक्य लिहिताना जीवावर आलं होतं, आपणच गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवायचं म्हणजे काय. पण रात्री साडेअकराला ज्याला उद्याचा केक हवाय त्याला निदान दुसरीकडे बघायला वेळ तरी मिळतो.

आता हा मेसेज कधी जायचा ते ठरवावं लागतं. तिथे तीन पर्याय दिसतात, Always send, Custom schedule आणि Outside of business hours. रोजच्यासाठी तिसरा घ्या, पण त्यासाठी आधी बिझनेस प्रोफाइलमध्ये आपल्या वेळा भरलेल्या हव्यात, माझ्या सकाळी 10 ते संध्याकाळी 7 आहेत, त्याबाहेर आलेल्या मेसेजला अवे मेसेज जातो. गावाला जाणार असाल, घरी गौरी-गणपती असतील, तर Custom schedule मध्ये सुरुवातीची आणि शेवटची तारीख-वेळ टाका, वेळ संपली की मेसेज आपोआप थांबतो. Always send च्या नादी शक्यतो लागू नका. मी एकदा दोन दिवसांसाठी म्हणून लावला आणि बंद करायला विसरले, नंतर मी इकडे ऑनलाइन बसून ऑर्डर घेतेय आणि नव्या माणसांना तिकडे ‘किचन बंद आहे’ जातंय, एका काकूंनी विचारलं पण, अगं नक्की बंद आहे की चालू?

आणि एक गंमत, गंमत कसली, डोक्याला ताप. अवे मेसेज तुमच्या फोनला नेट चालू असेल तरच जातो. रात्री झोपताना डेटा बंद करायची सवय असेल, किंवा फोनची बॅटरी उतरून तो बंद पडला असेल, तर ज्या वेळेसाठी तुम्ही तो लावलाय नेमक्या त्याच वेळी तो जाणार नाही. माझी सवय हीच होती, रात्री वायफाय बंद, डेटा बंद, आणि सकाळी मी म्हणतेय की अवे मेसेज लावलाय तरी लोक चिडतात का. आता फोन चार्जिंगला, नेट चालू, आवाज बंद.

ग्रीटिंग मेसेजकडे येते. हा जातो कोणी पहिल्यांदा मेसेज केला की, किंवा 14 दिवस काहीच बोलणं झालं नसेल आणि मग मेसेज आला की. हे 14 दिवसांचं नीट लक्षात घ्या. आपलं नेहमीचं गिऱ्हाईक महिन्या-दोन महिन्यांनी येतं, म्हणजे त्यांना दर वेळी ग्रीटिंग जाऊ शकतो, आणि त्यात तुम्ही लिहिलंय ‘आमच्याकडे पहिल्यांदाच आलात, स्वागत आहे’ तर चार केक नेलेल्या माणसाला कसं वाटेल. म्हणून स्वागताचे हार-तुरे नकोत, सरळ कामाचं विचारायचं. माझा एवढाच आहे, ‘नमस्कार, केक कोणत्या तारखेला आणि किती वाजता हवा, किती किलो, अंड्याचा की एगलेस, एवढं लिहून ठेवा, मी बघून सांगते.’ लोक खरंच लिहून ठेवतात. आधी ‘हाय’ यायचं, मी ‘बोला’ म्हणायचे, मग ‘केक मिळेल का’, मी ‘हो’, असं करत तारीख कळेपर्यंत माझे हात चार वेळा धुऊन व्हायचे.

हे मेसेज कुणाला जावेत तेही निवडता येतं. मी आधी Everyone ठेवलं होतं, तर आत्याबाईंनी कुणाचं तरी लग्न ठरल्याचं कळवलं आणि त्यांना उत्तर गेलं की किती किलो, अंड्याचा की एगलेस. आत्याबाई अजून घरच्या कार्यात सगळ्यांना सांगतात. मग मी बदलून Everyone not in address book केलं, म्हणजे ज्यांचा नंबर सेव्ह नाही त्यांनाच, आणि मला वाटलं सुटले. पण मी तर प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर सेव्ह करते, ‘प्राची चॉकलेट ट्रफल’ अशा नावाने, म्हणजे एकदा सेव्ह झालं की त्यांना अवे मेसेज पण जाणार नाही. म्हणून आता ग्रीटिंग सेव्ह नसलेल्यांना, आणि अवे मेसेजला Everyone except, त्यात आई, सासूबाई, आत्याबाई, मुलाच्या वर्गशिक्षिका अशी दहा-बारा माणसं वगळलीत. दोन्हीकडची निवड वेगवेगळी करता येते.

राहिले क्विक रिप्लाय, आणि माझा रोजचा खरा वेळ इथेच वाचतो. तेच तेच उत्तर एकदा लिहून ठेवायचं, त्याला छोटं नाव द्यायचं, आणि चॅटमध्ये स्लॅश म्हणजे ती तिरकी रेघ टाकली की यादी वर येते, त्यातून निवडायचं. फोटो पण ठेवता येतो. 50 पर्यंत ठेवता येतात, मी हौसेने तेवीस केले होते, वापरते सहा. नावं लक्षात राहतील अशी छोटी ठेवा, आपल्या बोलण्यातली.

एक ऑर्डर कशी जाते ते सांगते. गुरुवारी दुपारी नवीन नंबरवरून ‘हाय केक मिळेल का’ आलं. ग्रीटिंग गेला. त्यांनी लिहिलं, रविवारी, 1 किलो, एगलेस. मी आधी डायरीत रविवार बघितला, हे काम कुठलाही मेसेज करून देत नाही, जागा होती. मग `/dar` टाकलं, दरपत्रकाचा फोटो गेला. त्यांनी बटरस्कॉच निवडला. मग `/naav`, त्यात लिहिलंय, ‘केकवर जे नाव हवं ते जसंच्या तसं इंग्रजीत टाइप करून पाठवा, फोनवर सांगू नका’, कारण आरोहीच्या सुरुवातीला एक ए की दोन, यावरून मी एकदा अख्खं आयसिंग खरवडलंय. मग `/adv`, त्यात निम्मे पैसे आधी आणि क्यूआरचा फोटो. पैसे आल्यावर शेवटचा:

```
/pakki
*ऑर्डर पक्की*
तारीख-वेळ: ....
वजन, फ्लेवर: ....
अंडं / एगलेस: ....
केकवरचं नाव: ....
आलेले: ....  बाकी: ....
```

निवडल्यावर हा मजकूर लगेच जात नाही, टाइप करायच्या जागेत येऊन बसतो, तिथे टिंबांच्या जागी खरं भरायचं आणि मग पाठवायचं. घाईत मी एकदा टिंबांसकट पाठवला, समोरून उत्तर, ‘ताई, वजन टिंब टिंब म्हणजे किती?’ अंडं की एगलेस हे मात्र मी कधीच आधी भरून ठेवत नाही, दर वेळी हाताने टाइप करते. जैन घरी अंड्याचा केक गेला तर माफी मागून भागत नाही.

दर बदलले की `/dar` मधला फोटो त्याच दिवशी बदला, नाहीतर बटर महाग झालेलं असतं आणि आपण मागच्या वर्षीच्या भावाने केक विकत बसतो, आणि तो भाव आपणच लेखी दिलेला असतो.

सगळं लावून झालं की घरातल्या दुसऱ्या फोनवरून, ज्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही अशा, रात्री नऊला स्वतःलाच ‘केक मिळेल का’ पाठवून बघा. मी ह्यांच्या ऑफिसच्या फोनवरून पाठवलं, काहीच आलं नाही, पंधरा मिनिटं सेटिंग उचकत बसले. मग कळलं, माझं वायफाय बंद होतं.