सव्वातीन की साडेतीन?

अकरावीत असताना मी सहावीतल्या एका मुलीला गणित शिकवायचो. अपूर्णांकांचा भागाकार चालू होता. भाजक उलटा करायचा आणि गुणायचं, एवढंच मी सांगितलं. तिची पाचही गणितं बरोबर आली. मग मी सहज विचारलं, "पावणेदोन लिटर पाण्यात अर्ध्या लिटरच्या किती बाटल्या भरतील? तोंडी सांग."

ती म्हणाली, "तीन भरल्या, पाव लिटर उरलं. म्हणजे सव्वातीन."

रीतीनं उत्तर येत होतं साडेतीन. "दादा, मग माझं कुठं चुकलं?" मला सांगता येईना. "उद्या सांगतो," म्हणालो. थाप मारून वेळ निभावून नेली नाही, हे त्या दिवशी मी बरं केलं.

रात्री कागद घेऊन बसलो. पाव लिटर उरलं हे खरंच होतं, पण प्रश्न बाटल्यांचा होता आणि पाव लिटर म्हणजे अर्धी बाटली. भागाकाराचं उत्तर भाजकाच्या मापात येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मग भाजक उलटा का करायचा? समजा, बाटली दोनतृतीयांश लिटरची आहे. एका लिटरचे तीन सारखे भाग करा. दोन भागांत एक बाटली भरते, तिसऱ्या भागात अर्धी. म्हणजे लिटरला दीड बाटली, आणि दीड म्हणजेच ३/२. उलटा केलेला अपूर्णांक 'एका लिटरला किती बाटल्या' हे सांगतो, म्हणून त्यानं गुणायचं. पाच वर्षं मी ही रीत वापरत होतो, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

शिकवणाऱ्याला स्वतःला काय मिळतं, यावरच्या संशोधनाचा आढावा रोस्को आणि ची या दोन संशोधकांनी २००७ साली घेतला. बहुतेक जण आपल्याला येतं तेवढंच सांगून मोकळे होतात आणि त्यांच्या पदरात फारसं काही पडत नाही, असं त्यांना दिसलं. समज वाढते ती स्पष्टीकरण देता देता स्वतःचं ज्ञान तपासताना आणि नव्यानं जोडताना. शिकणाऱ्याचा खोलात जाणारा प्रश्न बहुधा तिथं नेतो. म्हणून "समजलं का?" असं विचारू नका. त्यावर "हो" येतं आणि दोघंही तिथंच थांबतात.

दुसऱ्या दिवशी मी उत्तर सांगितलं नाही. पेन्सिल तिच्याच हातात ठेवली. "बाटलीचं चित्र काढ. उरलेलं पाणी तिच्यात ओत. कुठपर्यंत आलं?" मग गप्प बसलो. हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड जातं, जीभ सारखी वळवळते. बऱ्याच वेळानं तिनं बाटलीच्या मध्यावर रेघ मारली आणि सव्वातीन खोडलं.

"आता असंच एक गणित तू मला घाल," मी म्हणालो. रीत नुसती पाठ असेल तर इथं अडायला होतं. तिनं घातलं: अडीच लिटर पाणी, पाऊण लिटरच्या बाटल्या. मी सोडवायच्या आधीच ती म्हणाली, "दादा, पुन्हा पाव लिटरच उरलं! पण या वेळी ती अर्धी बाटली नाही, एकतृतीयांश आहे."