पश्चिमेची खिडकी आणि उडणारे रंग

नमस्कार मंडळी. आपल्याकडे किनाऱ्याला समुद्र पश्चिमेला, म्हणून हॉलची मोठी खिडकीही तिकडेच, आणि सोफा, गालिचा सगळं तिच्यासमोर. दुपारी बाराचं ऊन छज्जा अडवतो हो, पण जानेवारीत संध्याकाळी पाचला सूर्य इतका खाली येतो की ऊन छज्जाखालून थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचतं, आणि समुद्राच्या बाजूला अडवायला झाड नाही की डोंगर नाही.

लोक म्हणतात, काच बंद असते ना. पण साध्या काचेतून बरेच अतिनील किरण आत येतात, आणि नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेसुद्धा रंग उडतो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की जातो, हे आपल्याला माहितीच आहे. त्याचाच उपयोग करा. सुती कापड हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, साबण लावू नका, नाहीतर लाल होईल. मग पट्ट्या कापून अर्ध्या भागावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि एक खिडकीत, एक सोफ्याच्या पाठीवर, एक कोपऱ्यात लावा. काही दिवसांनी फॉइल काढलं की कुठे फरक जास्त पडलाय ते दिसतं. हळद सोफ्याच्या रंगापेक्षा खूप लवकर उडते, त्यामुळे सोफा किती वर्षं टिकेल ते यातून कळणार नाही, पण जास्त मार कुठे बसतोय ते नक्की कळतं.

आता फिल्म. चांगली यूव्ही फिल्म 99 टक्के अतिनील किरण अडवते, पारदर्शक असली तरी, म्हणून दुकानात काळेपणा बघू नका, यूव्हीचा आकडा विचारा. पण उजेड येतच राहतो, त्यामुळे रंग उडणं मंदावतं, थांबत नाही. आणि आपण तर संध्याकाळी वाऱ्यासाठी खिडकी सताड उघडतो, मग काचेवरची फिल्म काय करणार?

म्हणून माझं मत विचाराल तर बाहेरून झापं किंवा बांबूची चिक लावा, भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे वारा खेळतो, आणि तीन वाजले की खाली सोडा. ऊन काचेच्या बाहेरच अडतं, त्यामुळे खोली तापतही नाही. आतला पडदा सोफा वाचवतो पण स्वतः विटतो, त्याला मागून पांढरं अस्तर हवंच. पावसाळ्यात झापं उतरवून ठेवा, कुजतात.

लाकडाचं वेगळं असतं बरं का. फणसाचं पिवळं लाकूड उजेडात उलट गडद होत जातं, म्हणून टेबलावरचा रुमाल वर्षभर एकाच जागी ठेवला की खाली फिकट चौकोन दिसतो. तो उघडा ठेवला की हळूहळू बाकीच्या रंगाला येतो. कापडाचा उडालेला रंग मात्र परत येत नाही, तिथे उशा आणि गालिचा अधूनमधून फिरवत राहायचं, म्हणजे निदान एकाच बाजूला पट्टा उमटत नाही. लाल कोब्याची काळजी नको, त्यातला लोखंडाचा लाल रंग उन्हाला दाद देत नाही.