दम नंतर बघू, आधी तारीख

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, “प्राप्तिकराचं पहिलं अपील हरल्यावर ट्रिब्युनलमध्ये जावं का, आणि कोणत्या मुद्द्यांवर?” मुद्द्यांवर येतोच. पण त्याआधी तारखेबद्दल बोलू द्या. गांधीबागेतला असो की इतवारीतला, आदेश हातात पडला की माणूस एकच विचारतो, “केसमध्ये दम आहे का हो?” राजेहो, मुदत गेली तर दम काय फोडणीला घालायचा?

एक उदाहरण धरू. माणूस काल्पनिक, हिशेब खरा. इतवारीतला किराण्याचा घाऊक व्यापारी. नोटबंदीत त्यानं १८ लाख रोख बँकेत भरले. आकारणी वर्ष २०१७-१८, विवरणपत्रातलं उत्पन्न ६ लाख २० हजार. पैसा कुठून आला ते पटलं नाही म्हणून अधिकाऱ्यानं ते १८ लाख कलम ६९ए खाली उत्पन्नात जोडले आणि कलम ११५बीबीईचा दर लावला. ६० टक्के कर, त्या करावर २५ टक्के अधिभार, वर ३ टक्के उपकर. सगळं मिळून सव्वासत्त्याहत्तर टक्के. १८ लाखांवर १३ लाख ९० हजार ५०० रुपये, व्याज वेगळं. पहिलं अपील फेसलेस, म्हणजे समोरासमोर न येता सगळं ऑनलाइन. सगळ्या नोटिसा जुन्या कर सल्लागाराच्या ईमेलवर गेल्या, आणि त्याच्याशी यांचं वर्षभर बोलणं बंद. उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून २० जानेवारी २०२५ ला अपील फेटाळलं गेलं. तो आदेशही त्याच ईमेलवर!

आता मोजा. १९६१ च्या कायद्याच्या कलम २५३ मध्ये पूर्वी आदेश मिळाल्यापासून ६० दिवस होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मोजणी बदलली. आदेश ज्या महिन्यात मिळाला तो महिना संपू द्यायचा आणि तिथून दोन महिने धरायचे. जुन्या पद्धतीनं २१ मार्च आला असता, नव्या पद्धतीनं ३१ मार्च येतो. आदेश ३ जानेवारीला आला असता तरी ३१ मार्चच. व्यापाऱ्यांना हे ऐकून बरं वाटतं. मला नाही वाटत, कारण दहा दिवस जास्त मिळाले की माणूस वीस दिवस निवांत होतो.

“पण मला कागद मिळालाच नाही” हे वाक्य नागपुरात तर्री-पोह्याइतकं खपतं. फॉर्म ३५ काढून बघा. पहिल्या अपिलाच्या त्या अर्जात ईमेलचा पत्ता तुम्हीच दिलेला असतो आणि ईमेलवर नोटीस चालेल का, या प्रश्नाला “होय” हे उत्तरही तुमचंच असतं. सल्लागार बदलला की पोर्टलवरचा पत्ता आणि मोबाइल नंबर त्याच दिवशी बदलायचा. अपील चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा पोर्टल स्वतः उघडायचं. घरच्या गॅसची नोंदणी आपण स्वतः करतो ना?

आपल्या व्यापाऱ्याला ९ मे रोजी वसुलीचं पत्र आलं, तेव्हा कळलं. अपील दाखल झालं २० जूनला. उशीर ८१ दिवसांचा. उशीर माफ करायचा अधिकार ट्रिब्युनलला आहे, पुरेसं कारण मात्र दाखवावं लागतं. या ८१ दिवसांचे दोन तुकडे पाडा. १ एप्रिल ते ९ मे हे ३९ दिवस समजण्यासारखे आहेत: ईमेल दुसऱ्याचा होता, त्याचा स्क्रीनशॉट आणि वसुलीचं पत्र जोडता येतं. खरी अडचण उरलेल्या ४२ दिवसांची आहे. कळल्यावर काय करत होता? “चांगला वकील शोधत होतो” असं प्रतिज्ञापत्रात लिहिलं तर समोरचे सदस्य चष्म्यावरून बघतात. जुन्या सल्लागाराकडून कागद कधी मागितले, कधी मिळाले, चलन कधी भरलं, हे तारीखवार लिहा. आजारपण असेल तर दवाखान्याचा कागद जोडा. दोन ओळींचा “अनवधानानं उशीर झाला” असा अर्ज म्हणजे नकार मागून घेणंच.

आणखी एक खड्डा. आदेशात चूक दिसली म्हणून कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करतात आणि त्याच्या उत्तराची वाट बघत बसतात. त्या अर्जानं अपिलाची मुदत थांबत नाही. दोन्ही एकदम करा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. घ्या, मूळ विषय आत्ता सुरू होतोय.

जावं की नाही? फी करावर नसते, आकारलेल्या उत्पन्नावर असते. २ लाखांच्या वर एक टक्का, पण कमाल १० हजार. इथे २४ लाख २० हजारांचा एक टक्का २४ हजार २०० होतो, म्हणून भरायचे १० हजारच. तेव्हा प्रश्न फीचा नाही, कागदांचा आहे. आदेश नुसता “कुणी हजर नाही, म्हणून फेटाळलं” असा असेल तर बाजू भक्कम आहे. कलम २५०(६) नुसार पहिलं अपील ऐकणाऱ्या आयुक्तांना मुद्दे, निर्णय आणि कारणं लिहावीच लागतात. नुसत्या गैरहजेरीवर अपील फेटाळता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलंय. पण त्यातून बहुधा फेरसुनावणीच मिळते. प्रकरण परत आयुक्तांकडे गेलं तर त्यांना नोटीस देऊन रक्कम वाढवायचाही अधिकार असतो, हे विसरू नका.

म्हणून आधी कॅशबुक उघडा. ८ नोव्हेंबर २०१६ ची रोख शिल्लक १८ लाखांच्या आसपास दिसते का? ती विक्रीतून आलीय हे व्हॅटच्या विवरणपत्रांशी जुळतं का? ती विवरणपत्रं नोटबंदीनंतर सुधारून भरलेली असतील तर त्यांच्यावर संशय येणारच. शिल्लक ४ लाखच असेल, तर लढाई ४ लाखांची आहे हे आधीच मान्य करा. कागद जोडण्यात मात्र कंजुषी नको. वस्तुस्थिती तपासणारी ही शेवटची पायरी; पुढे उच्च न्यायालयात फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न चालतो.

आता मुद्दे, म्हणजे फॉर्म ३६ मधली ग्राउंड्स. ट्रिब्युनलच्या नियम ८ नुसार ती थोडक्यात, वेगवेगळ्या शीर्षकांखाली, क्रमांक घालून आणि युक्तिवाद न करता लिहायची असतात. “आदेश कायद्यानं व वस्तुस्थितीनं चूक” एवढ्या एकाच ओळीवर अपील उभं करू नका. आपल्या व्यापाऱ्याची चार होतील: सुनावणीविना फेटाळलं, रोख हिशेबातल्या विक्रीची असल्यानं ६९ए लागत नाही, पर्यायानं, निदान कॅशबुकातल्या शिल्लकेइतकी रक्कम वगळा, आणि पर्यायानं, ६० टक्क्यांचा दर त्या वर्षीच्या व्यवहारांना लागत नाही. या चौथ्या मुद्द्यावर मद्रास उच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल आहे. तो इथे बंधनकारक नाही, पण पटला तर ३० टक्के आणि उपकर धरून कर ५ लाख ५६ हजार २०० वर येतो. दोन्ही आकड्यांतला फरक सव्वाआठ लाखांहून जास्त, तोही एका ओळीत! निव्वळ कायद्याचा मुद्दा राहून गेला तर नंतर परवानगीनं घेता येतो. नवा पुरावा मात्र नियम २९ च्या अर्जाशिवाय आत जात नाही.

आणि स्थगिती. अपील दाखल झालं म्हणून वसुली थांबत नाही. ५०० रुपये भरून वेगळा अर्ज करायचा आणि मागणीच्या किमान २० टक्के भरायचे किंवा तेवढं तारण द्यायचं. नुसत्या करावर धरलं तरी २ लाख ७८ हजार १०० होतात. ती सोय बँकेनं खातं गोठवायच्या आधी करा. बरं, घंटा वाजली. उरलेलं खाली चहाच्या टेबलावर विचारा.